आईच्या रकान्यातल्या खुणा

तुमच्या घरातलं कुणी तुमचं मन राखण्यासाठी रोज सकाळी खोटं लिहीत असेल, तर ते तुम्हाला किती दिवसांनी कळेल?

मला अडतीस दिवसांनी कळलं. तेही मी शोधून काढलं नाही. एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी आईचा हात वर धरला, त्याला प्लास्टिकची कोनमापी लावली, आणि माझ्याकडे न बघता आकडा सांगितला.

आमचं घर इंदूरच्या जुन्या वस्तीतलं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची. बाबा सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात, लेथवर. सव्वासातला त्यांची स्कूटर बाहेर पडते. मी लहान असताना ते कामगारांसाठी पत्रकं लिहायचे, आणि ती आमच्याच घरी फरशीवर बसून घडी घातली जायची. मी अक्षरं त्या पत्रकांवरूनच शिकले. बाकीच्या मुली ‘कमळ’ आणि ‘बदक’ वाचत होत्या तेव्हा मी ‘मागण्या’ आणि ‘एकजूट’ वाचत होते. त्यामुळे असेल, मला आजही कुठलीही गोष्ट नीट समजली की ती छापून वाटावीशी वाटते. हा चांगला गुण आहे असं मी बरीच वर्षं समजत होते.

तेवीस वर्षांची असताना मी सकाळचा एक नियम बांधला. पावणेसहाला उठायचं, गच्चीवर व्यायाम, मग दहा पानं वाचन. त्याआधी मी असे नियम चारदा केले होते आणि चारही एखाद्या सणात बुडाले होते. संक्रांतीला पाहुणे आले की बंद, मामाकडे उज्जैनला गेलो की बंद, आणि एकदा बंद पडलं की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत बंद. या वेळी मी जरा डोकं लावलं. नियम मोडतो कुठे ते आधी लिहून काढलं. मोडतो तो आळसाने नाही, दिवस बदलला म्हणून मोडतो. मग मी प्रत्येक कामाची तीन मापं ठरवली. साध्या दिवसाचं पूर्ण माप: बारा सूर्यनमस्कार, दहा पानं. प्रवासाचं माप: जिथे असू तिथे पाच मिनिटं उठाबशा आणि अंग ताणणं, दोन पानं, पुस्तक पातळ आणि पिशवीत वरच ठेवलेलं. पाहुण्यांचं आणि सणाचं माप: तीन नमस्कार, एक पान. ते इतकं लहान की त्याला ‘वेळ नव्हता’ म्हणताच येऊ नये. आणि घड्याळाची वेळ नाही, तर मागचं काम धरायचं. दात घासले की गच्ची, गच्चीवरून उतरलं की पुस्तक. घड्याळ पाहुण्यांच्या घरात चुकतं, दात घासणं चुकत नाही.

हे सगळं बरोबर होतं. आजही मी तसंच करते.

चूक पुढे झाली. त्या जुलैत आई अंगणातल्या मोरीपाशी घसरली आणि उजव्या दंडाचं वरचं, खांद्याजवळचं हाड मोडलं. ऑपरेशन लागलं नाही. तीन आठवडे हात गळ्यातल्या झोळीत, मग व्यायाम. फिजिओथेरपिस्ट बाई हिंदीत बोलायच्या, आईला माताजी म्हणायच्या, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी खडसावून सांगितलं की हाड आपलं आपण जुळतं, खांदा आपला आपण सुटत नाही. आईला शुगर होती, म्हणजे खांदा आखडायची भीती जास्त. पुढचे तीन महिने जे होईल ते होईल, नंतर फार नाही. सकाळी आधी गरम पाण्याची पिशवी, मग वाकून हात लोलकासारखा झुलवायचा, मग पाठीवर झोपून दोन्ही हातांत काठी धरून डाव्याच्या जोरावर उजवा वर न्यायचा, आणि शेवटी भिंतीवर बोटांनी चढायचं. भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर वर न्यायची, जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने रेघ. दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या वर जायचा प्रयत्न. सकाळी हे पूर्ण, दुपारी आणि संध्याकाळी थोडं थोडं.

मी घरी आले आणि त्याच संध्याकाळी माझ्या तक्त्याला दुसरा रकाना जोडला. एक माझा, एक आईचा. तिच्यासाठी भिंतीचा व्यायाम आणि एक पान वाचन. वाचन तिनेच मागून घेतलं. लग्नाआधी ती वाचनालयातून पुस्तकं आणायची, नंतर ते सुटलं. म्हणाली, हात अडकलाय तर अडकू दे बेटा, डोळे तर मोकळे आहेत नं.

आणि तक्त्याच्या खाली मी एक वाक्य लाल पेनाने लिहिलं: एकीचा दिवस चुकला तर दोघींचा चुकला.

हे बाबांच्या पत्रकातलं होतं. एका कामगाराचा दिवस कापला तर सगळ्यांचा कापला, अशा अर्थाचं. मला ते लहानपणापासून पाठ होतं आणि त्यात काही चुकीचं असू शकेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. नियम असा की आईची एक सकाळ राहिली तर माझ्या अखंड दिवसांची मोजणीही शून्यावर. मला वाटलं, याने तिला आधार वाटेल. ती एकटी नाही, मी तिच्याबरोबर बांधलेली आहे.

आईने वाक्य वाचलं. म्हणाली, “तुझे किती झाले?”

“चौऱ्याण्णव.”

“अरे बाप रे,” ती म्हणाली, आणि तक्ता फ्रिजवर चुंबकाने लावून टाकला.

पहिले काही आठवडे सुरेख गेले. पुढच्या खोलीत दाराच्या डाव्या हाताची भिंत आमच्या घरातली एकमेव मोकळी भिंत. बाकी कुठे कपाट, कुठे पलंग, कुठे शिलाई मशीन. त्या भिंतीवर आईच्या पेन्सिलीच्या रेघा वर चढत होत्या. बाबा जाता जाता बघायचे आणि म्हणायचे, चढाई चालू आहे, मोर्चा राजवाड्यापर्यंत पोचला. मी गच्चीवरून उतरले की आई खाली एक पान मोठ्याने वाचून दाखवायची. तिचं वाचन अडखळत सुरू झालं आणि पंधरा दिवसांत गाडी रुळावर आली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी गणपतीच्या आधी मोजलं तेव्हा हात खांद्याच्या रेघेपर्यंत आला होता. बाई खूश. दोन आठवड्यांनी या म्हणाल्या.

मग गणपती आले आणि तिसऱ्या दिवशी नागपूरहून आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, तिच्याबरोबर तिचे यजमान, सून, आणि दोन नातवंडं. गौरी दरवर्षी आमच्याकडे उभ्या राहतात, आणि आत्या माहेरच्या गौरींना आली नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. आठ दिवस मुक्काम. दोन खोल्यांत आठ माणसं.

मी तयार होते. पाहुण्यांचं माप, तीन नमस्कार, एक पान, गच्ची. मी आत्याला अभिमानाने तक्ता दाखवला. आत्याने चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि म्हणाली, आमच्या काळी सकाळी उठून जे करायचो त्याला व्यायाम म्हणत नव्हते, पाणी भरणं म्हणत होते. सगळे हसले, मीही. तिचे यजमान बाबांना इंदुरी थाटात म्हणाले, भिया, या पोरीला कारखान्यात सुपरवायझर करा.

गौरी आणायच्या आदल्या दिवशी आरास करायची होती. दोन गौरी, मध्ये पायऱ्या, मागे पडदा. दरवर्षी त्या दाराच्या डाव्या भिंतीला असतात, कारण तीच मोकळी. पडदा मी लावला. स्टुलावर चढून मीच खिळ्यांना दोरी बांधली आणि भरजरी साडी सोडली. साडीमागे पेन्सिलीच्या रेघा गेल्या. मला दिसल्या. आठवतं मला, सगळ्यात वरच्या रेघेवरून साडीची किनार सरकली. मी मनात म्हटलंही, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, आई दुसरीकडे करेल. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. माझ्यासाठी गच्ची होती.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी गच्चीवर गेले. रोज. मुलं मागे यायला लागली तर आई त्यांना खाली ओढून पोहे द्यायची. आत्या एकदा म्हणाली की घरात एवढं काम आणि पोरगी वर उड्या मारते, तेव्हा आईने कांदा चिरता चिरता, डाव्या हाताने, सांगितलं की तिचं पंधरा मिनिटांचं आहे ताई, होऊ द्या, मी आहे नं. हे मी जिन्यात ऐकलं. मला आई फार आवडली त्या क्षणी. मला वाटलं हीच ती क्रांती, घराघरांत व्हायला हवी ती. मी खाली येऊन माझ्या रकान्यात खूण करायची तेव्हा तिच्या रकान्यात खूण आधीच असायची.

गौरी गेल्या, पडदा उतरला, पण त्या भिंतीला पाहुण्यांच्या गाद्यांची चळत आली. पाहुणे गेले आणि चार दिवसांत पितृपक्ष. देपालपुरला बाबांच्या थोरल्या भावाकडे श्राद्ध असतं, आई दरवर्षी तीन दिवस आधी जाते, कारण काकू आता थकल्यात. मीही गेले. बसमध्ये दोन पानं वाचली, काकूंच्या मागच्या अंगणात पाच मिनिटं उठाबशा काढल्या. प्रवासाचं माप. तक्ता आईनेच घडी करून पर्समध्ये घेतला होता, पेनासकट. तिथेही तिच्या खुणा पडत होत्या. ती चारला उठून चुलीपुढे असायची, मग व्यायाम कधी करते, हे मी एकदा विचारलं. म्हणाली, करते मी. तू तुझं वाच.

दोन आठवड्यांनी दाखवायला जायचं होतं ते आम्ही आधी गौरींसाठी पुढे ढकललं आणि मग श्राद्धासाठी. मीच फोन केला दोन्ही वेळा. दवाखान्यातल्या मुलीने विचारलं, व्यायाम चालू आहे नं? मी तक्त्याकडे बघून म्हटलं, एकही दिवस चुकलेला नाही.

आणि मी पत्रक लिहिलं. मी न लिहिते तरच नवल. एका पानाचं, मराठीत, ‘सकाळ आपली आहे’ अशा मथळ्याचं. तीन मापं समजावली, मागच्या कामाला धरून ठेवायची युक्ती सांगितली, आणि शेवटी लिहिलं की माझी आई मोडलेला खांदा घेऊन गौरींच्या आठवड्यातही एक दिवस चुकली नाही, तर तुम्हाला कसली सबब आहे? झेरॉक्स काढून वाचनालयाच्या टेबलावर ठेवलं. नवरात्रातल्या हळदीकुंकवाला बायका आईला थांबवून शाबासकी देऊ लागल्या. एका काकूंनी ते पत्रक देवघराशेजारी चिकटवलं होतं. आई फक्त हसायची आणि पदर उजव्या खांद्यावर ओढून घ्यायची. मला वाटायचं, लाजते.

दसऱ्यानंतर आम्ही दाखवायला गेलो. तोपर्यंत झोळी सुटल्याला जवळजवळ अडीच महिने झाले होते.

बाईंनी कोनमापी लावली. गणपतीआधी जिथे होता त्याच्याही जरा खाली. त्यांनी खांद्याचं पातं धरून पुन्हा बघितलं. आईचा चेहरा पांढरा पडला. बाई मला म्हणाल्या, “यह हाथ चला ही नहीं है.”

मी चिडले. खरंच चिडले. माझ्या आईला कुणी आळशी म्हणतं म्हणजे काय. मी पर्समधून तक्ता काढला, टेबलावर उलगडला, आणि बोट ठेवून ठेवून एकेक खूण दाखवली. गौरींच्या खुणा, देपालपुरच्या खुणा, घटस्थापनेची खूण. मी त्यांच्या मोजमापावरच संशय घेतला. बाईंनी तक्ता शांतपणे पाहिला. मग आईला उठवून भिंतीपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, माताजी, रोज करती हैं वैसे करके दिखाइए.

आईने बोटं भिंतीवर ठेवली. दोन बोटं चढली आणि थांबली. तिला पुढचा क्रम आठवेना. आधी कुठलं बोट, कोपर कुठे, खांदा उचलायचा की दाबून ठेवायचा. ज्या स्त्रीने पाच आठवडे हे केलं होतं आणि पुढचे अडतीस दिवस केल्याच्या खुणा होत्या, ती भिंतीपुढे नव्याने शाळेत आल्यासारखी उभी होती. मग तिने हात खाली घेतला आणि भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, “माझं राहिलं.”

 घरी आल्यावर तिने चहा टाकला आणि ओट्याला टेकून जे सांगितलं ते मी इथे तिच्या क्रमाने लिहिते. पहिल्या दिवशी भिंतीपुढे गौरी होत्या. स्वयंपाकघरातली भिंत डब्यांची. दुसऱ्या खोलीत आत्याचे यजमान गादीवर बसून पेपर वाचायचे, आणि त्यांच्यासमोर हात वर करून, पदर सरकवत, भिंतीकडे तोंड करून उभं राहणं तिला जमेना. काठीचा व्यायाम तर जमिनीवर पाठीवर झोपून करायचा. आठ माणसांच्या घरात, सकाळी सहाला, घरची बाई जमिनीवर पाठीवर? आणि गरम पाण्याची पिशवी भरायची तर गॅसच्या दोन्ही शेगड्यांवर दूध आणि चहा. तिला वाटलं, आजचा दिवस. मग फ्रिजवर लाल अक्षरं दिसली.

“तुझे एकशे एकोणतीस झाले होते,” ती म्हणाली. “माझ्या एका दिवसाने तुझे शून्य कशाला करायचे? मी म्हटलं उद्या दोन वेळा करीन. उद्या पण नाही झालं. पाहुणे गेले तोवर हात इतका आखडला होता की भिंतीपाशी उभी राहिले असते तर तुला लगेच कळलं असतं. मग रोज वाटायचं आता सांगितलं तर मागचं सगळं निघेल.”

मी म्हटलं, तू मला सांगायला हवं होतंस.

“तू गच्चीवरून उतरलीस की तुझा चेहरा बघायला हवा होतास तू,” ती म्हणाली. “असा खुश चेहरा या घरात सकाळी कुणाचा असतो?”

एवढंच. तिने आवाज चढवला नाही. चहा गाळून माझ्यासमोर ठेवला.

वाचन मात्र तिचं झालं होतं, रोज, खरंच. दूध उकळायला ठेवलं की ती ओट्यापाशी उभी राहून एक पान वाचायची, डाव्या हातात पुस्तक, खूण म्हणून सेफ्टी पिन. त्याला भिंत लागत नव्हती, जमीन लागत नव्हती, कुणाची नजर अडवत नव्हती, आणि ते अशा कामाला बांधलेलं होतं जे पाहुणे आले तरी टळत नाही, उलट वाढतं. म्हणजे माझी युक्ती बरोबर होती. तिच्या खांद्यासाठी मी ती वापरलीच नव्हती. स्वतःसाठी मी तीन मापं केली, गच्ची ठरवली, पुस्तक पातळ निवडलं. तिच्या रकान्यात मी फक्त तिचं नाव लिहिलं, आणि खाली धमकी.

बाबा संध्याकाळी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते मला धीर देतील, किंवा रागावतील, दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. त्यांनी हातपाय धुतले, तक्ता घेतला, खालची लाल ओळ बराच वेळ वाचली. म्हणाले, “हे आम्ही मालकाशी भांडायला लिहिलं होतं. घरात मालक कोण होतं?”

  मग त्यांनी खुर्चीवरचा सकाळचा पेपर उचलून घडी करून ठेवला, आणि मला दिसलं की प्रश्न एकट्या मला नव्हता. सकाळी पेपर वाचत बसणाऱ्यांत एक तेही होते.

आम्ही पुन्हा सुरुवात केली. बाई आठवड्यातून तीनदा बोलवायच्या, हात धरून ताणायच्या, आई दात आवळून छोटे छोटे श्वास घ्यायची. हाडांच्या डॉक्टरांनी एक उपाय सांगितला, भूल देऊन खांदा सोडवायचा. पण शुगर बघता त्याचा फायदा किती टिकेल याची खात्री ते देत नव्हते, आणि आईने नको म्हटलं. हात थोडा वर आला. खांद्याच्या रेघेच्या वर चार-पाच बोटं. तिथे थांबला. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, तो तिथेच आहे. व्यायाम आता तो आहे तिथे राहावा म्हणून असतो.

एवढ्याशा हाताने काय अडतं, असं तुम्ही म्हणाल. भाजी चिरली जाते, पोळी लाटली जाते. पण तिला अंबाडा घालता येत नाही. मागे हात पोचत नाहीत. ब्लाउजची हुकं पुढे करून घ्यावी लागली. फडताळावरचा डबा काढायला ती मला हाक मारते आणि मी घरी नसले तर डबा तिथेच राहतो, ती त्या दिवशी दुसरी भाजी करते. पुढच्या वर्षी गौरी आल्या. मुखवटे चढवायचा मान तिचा, लग्न होऊन आल्यापासून. तिने मुखवटा दोन्ही हातांत घेतला, छातीपर्यंत उचलला, आणि तिथेच थांबली. सगळे वाट बघत होते. मग तिने तो आत्याच्या हातात दिला आणि म्हणाली, ताई, या वर्षी तुम्ही. आत्या एरवी टोमणा मारणारी. तिने मुखवटा चढवला, आणि आईचा उजवा हात आपल्या हातात घेऊन गौरीला नुसता लावून घेतला, हात जिथवर पोचतो तिथवर, म्हणजे गौरीच्या गळ्यापर्यंत. मी पडद्याची दोरी धरून उभी होते. त्या वर्षी पडदा दुसरीकडे होता. दाराच्या डाव्या भिंतीला आम्ही काही लावलं नाही, आणि गौरी स्वयंपाकघराच्या तोंडाशी, जरा अडचणीत उभ्या राहिल्या.

नवा तक्ता कसा आहे तेही लिहिते, कारण पहिला मी छापून वाटला होता. लाल ओळ नाही. दोन रकाने एकमेकींना बांधलेले नाहीत. चुकलेला दिवस कोरा ठेवायचा, शून्य नाही, फुली नाही, नुसता कोरा, आणि दुसऱ्या दिवशी लहान मापाने पुन्हा. लागोपाठ दोन कोरे दिसले तर कुणीही विचारायचं नाही की का केलं नाहीस, विचारायचं ते हे की कशाने अडलं. आईचा नंबर पहिला. तिचं होईपर्यंत मी गच्चीवर जात नाही. साडेसहाचा चहा बाबा करतात. पहिल्या महिन्यात त्यांनी तीनदा दूध उतू घालवलं आणि आई काठी वर धरून जमिनीवरून सूचना देत होती, गॅस, गॅस कमी करा. पाहुणे येणार म्हणून फोन आला की ठेवायच्या आधी आम्ही सांगतो, या नक्की, सकाळी वीस मिनिटं पुढची खोली आईची असते, दार लावलेलं असतं. एकानेही अजून नाराजी दाखवली नाही. आत्याचे यजमान आता पेपर घेऊन अंगणात बसतात. प्रवासात पिशवीत दोरी असते, दाराच्या वरच्या कडीवरून टाकून दोन टोकं धरायची आणि डाव्याने ओढून उजवा वर न्यायचा. देपालपुरला काकूंच्या कोठारात आम्ही दोघी जातो आणि तेवढा वेळ चुलीपुढे चुलतभाऊ बसतो. त्याची भाकरी जळते. जळू दे.

या तक्त्यात कोरे चौकोन खूप आहेत. दिवाळीत तर पूर्ण आडवी ओळ कोरी आहे. तरी तो चालू आहे. हे सगळं त्या पहिल्या तक्त्यातच केलं असतं, तर बहुधा आईचा अंबाडा आईनेच घातला असता. ‘बहुधा’ हा शब्द बाईंचा. मी त्यांना तीनदा विचारलं, त्या तीनदा तेवढंच म्हणाल्या.

जुनी पत्रकं परत घ्यायला मी वाचनालयात गेले होते. टेबलावर सहा उरली होती. देवघराशेजारी चिकटवणाऱ्या काकूंकडेही गेले. त्या काढू देईनात, म्हणाल्या, अगं चांगलं लिहिलंयस, तुझ्या आईकडे बघून मी गुडघ्याचे व्यायाम सुरू केले, एक दिवस चुकत नाही. मी विचारलं, खरंच?  मग आत जाऊन त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं, आणि परत येऊन हळूच म्हणाल्या, पाहुणे असले की राहतं गं.

आईला मी विचारलं होतं, हे लिहू का. ती म्हणाली, नाव नको लिहू. बाकी लिही. म्हणून हे लिहिलं.

आता तुम्हाला एक विनंती. तुमच्या घरात कुणाला डॉक्टरांनी सकाळचा व्यायाम सांगितला असेल, तर उद्या त्यांना ‘झाला का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. उद्या त्यांच्या आधी उठा, त्यांचं सकाळचं पहिलं काम तुम्ही हातात घ्या, एक भिंत मोकळी करा, आणि त्यांचं पूर्ण होईपर्यंत शेजारी उभे राहा. घरी पाहुणे असतील, तर उद्याच करा.